डाव्या हाताचं मधलं बोट

परभणीत कोर्टाजवळच्या एका दुकानात मी दिवसभर मराठी टाइप करतो. प्रतिज्ञापत्रं, वाटणीपत्रं, भाडेकरार. सगळं पातळ लॅपटॉपवर. संध्याकाळी डाव्या हाताचं मधलंच बोट ठणकायचं. बाकीची नऊ मजेत.

कारण इनस्क्रिप्टमध्ये आहे. काना, हलन्त आणि म या तिन्ही कळा त्याच बोटाखाली येतात. ‘प्रतिज्ञापत्र’ या शब्दाला तेरा कळा लागतात आणि त्यातल्या चार एकट्या या बोटाच्या वाट्याला. कोर्टाच्या भाषेत जोडाक्षरांना तोटा नाही.

पण घरच्या जुन्या मेकॅनिकल कीबोर्डवर हेच बोट तासन्‌तास कुरकुरत नाही. म्हणून पाच रुपयांची नाणी घेऊन बसलो. पिवळं नाणं सहा-सात ग्रॅमचं असतं. घरच्या कीबोर्डच्या कळीवर सात नाणी ठेवली, काही नाही. आठवं ठेवलं आणि स्क्रीनवर अक्षर उमटलं, पण कळ अधांतरीच थांबली. तळाला टेकवायला आणखी नाणी लागली.

अक्षर उमटेपर्यंत कळ जेवढी खाली जाते ते प्रीट्रॅव्हल, आणि तळापर्यंतचं सगळं अंतर म्हणजे टोटल ट्रॅव्हल. माझ्या कीबोर्डमधल्या स्विचमध्ये हे साधारण २ आणि ४ मिलिमीटर असतं. म्हणजे अक्षर उमटल्यावरही बोटाला आवरायला २ मिलिमीटर उरतात.

लॅपटॉपवर नऊ नाण्यांपर्यंत कळ जेमतेम हलली. दहावं ठेवताच टक्‌कन थेट तळाला गेली. तिच्याखाली रबराची छोटी टोपी असते. ती एका हद्दीपर्यंत दाब सोसते आणि मग एकदम बसते. अक्षर अगदी तळाजवळ उमटतं. एकूण अंतरच एक-दीड मिलिमीटर, त्यात आवरायला जागा जवळजवळ नाहीच. टोपी बसली की बोट मोकळं सुटतं आणि खालच्या पत्र्यावर आदळतं. हेच बॉटमिंग आउट. घाईत आपण गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोर लावतो, आणि तो उरलेला जोर पेराला परत मिळतो.

आता म्हणाल, कमी अंतर म्हणजे कमी मेहनत नाही का? बोट कमी हलतं, हे खरंच. हलक्या हाताने टाइप करणाऱ्याला पातळ कीबोर्ड त्रास देतही नाही. आणि मनगट टेबलाच्या कडेवर दाबून बसलात, तर ४ मिलिमीटरही वाचवणार नाहीत.

स्वतःचं तपासायला नाणी नकोत. कान द्या. प्रत्येक अक्षरामागे ‘ठक’ ऐकू येत असेल, तर तुम्ही कळ दाबत नाही, आपटताय.

मी दुकानात लॅपटॉपला बाहेरचा कीबोर्ड लावलाय. पहिले काही दिवस हलन्त दोनदा पडायचा. मालक म्हणाले, “एवढं मोठं धूड कशाला रे?” परवा तेही त्यावर दोन ओळी टाइप करून गेले.