बोटांची सवय

मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या गळ्यात मराठीसंबंधी कुठेही काहीही अडले की ते येऊन पडते, असा महाविद्यालयांतला रिवाज आहे. वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी हा रिवाज गेली अनेक वर्षे भोगतो आहे. त्याच न्यायाने कचेरीतली सारी मराठी ‘युनिकोड’मध्ये आणण्याचे काम माझ्याकडे आले. फौज तिघांची: बडेबाबू, एक धाकटे बाबू आणि ग्रंथालयातल्या ताई.

आमची कचेरी पूर्वीपासून ‘कृतिदेव’ या टंकात लिहीत आली होती. हा टंक म्हणजे एक सोंग आहे. पडद्यावर ‘वर्धा’ दिसते खरे, पण यंत्राच्या पोटात इंग्रजी अक्षरेच असतात: o/kkZ. टंकाने त्यांना देवनागरीचा अंगरखा चढवलेला असतो, इतकेच. ज्या यंत्रात तो टंक नाही, तिथे अंगरखा गळून पडतो. शिवाय विद्यार्थ्यांची नावे अकारविल्हे लावायला सांगितली, की आधी क येई, मग म, आणि बिचारा अ थेट खाली ग च्या शेजारी. कारण पोटात क म्हणजे d, म म्हणजे e, अ म्हणजे v आणि ग म्हणजे x! युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून ते कुठल्याही यंत्रात मराठीच राहते.

हे सारे मी मंडळींना समजावले आणि फर्मान काढले, की पंधरा दिवसांत सर्वांनी ‘इनस्क्रिप्ट’ची कळमांडणी शिकावी. यंत्रात ती आयती मिळते. तक्ते वाटले. बडेबाबू म्हणाले, “शिकू नं सर.” पंधरवड्याने सगळे कागद युनिकोडमध्ये येऊ लागले, आणि मी मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मग एके दिवशी प्राध्यापकांच्या यादीत माझ्या नावापुढे पदवी वाचली: ‘डण्।ण्’.

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. मंडळी पूर्वीप्रमाणे कृतिदेवमध्येच लिहीत आणि मजकूर एका रूपांतरकातून काढीत. त्या रूपांतरकाला इंग्रजी ठाऊकच नव्हते. इंग्रजीत लिहिलेले ‘M.A.’ त्याने कृतिदेव समजून मराठीत ओतले होते. माझी पदवी गेली तर हसण्यावारी नेता येते. पण शिष्यवृत्तीची यादीही त्याच वाटेने निघाली होती, आणि तिच्यात मुलांच्या बँकशाखांचे इंग्रजी संकेतांक होते. ती वेळेवर थांबवली, म्हणून बरे.

रागारागाने मी बडेबाबूंच्या शेजारी जाऊन बसलो. म्हटले, “माझ्यासमोर लिहा.” त्यांनी ‘विद्यार्थी’ लिहायला घेतले. बोट आधी वेलांटीवर गेले, मग व वर. टंकयंत्रावर ऱ्हस्व वेलांटी आधी आणि अक्षर मागून येते. इनस्क्रिप्टमध्ये अक्षर आधी. पडद्यावर वेलांटी एकटीच लोंबत राहिली. त्यांनी ती खोडली, पुन्हा तेच झाले. पन्नाशी उलटलेला तो माणूस मान खाली घालून म्हणाला, “हे बोटं नाई ऐकत जी आता. तीस वर्षं झाले.”

माझा राग तिथेच निवला. टंकलेखनाची परीक्षा पास होऊन नोकरीला लागलेला हा माणूस. न बघता लिहिणे हीच त्याची विद्या. मी त्याला टंक सोडायला सांगत होतो असे मला वाटत होते, पण खरे तर त्याचा हातच मागत होतो. घातक होता तो टंक. कळांची मांडणी अगदी निरुपद्रवी होती.

टंकयंत्राचीच मांडणी ठेवून युनिकोड लिहिणारी साधने फुकट मिळतात. त्यांत वेलांटी पूर्वीसारखी आधी दाबली, तरी यंत्र ती योग्य जागी ठेवते. तसे एक साधन बडेबाबूंच्या यंत्रात बसवले. मोजक्या चिन्हांच्या जागा वेगळ्या निघाल्या. त्या चिठोरीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवल्या. आठवडाभरात त्यांचा जुना वेग परत आला. ताईंचा हात कुठल्याच मांडणीवर बसलेला नव्हता. त्यांनी इनस्क्रिप्टच उचलले. कागद दोघांचेही सारखेच निघतात.

जुन्या फायलींना मात्र आम्ही उगीच हात लावत नाही. गरज पडेल तेवढीच फाईल रूपांतरित करायची, इंग्रजी मजकूर आधी बाजूला काढायचा, आणि मग एकाने छापील प्रत वाचायची, दुसऱ्याने पडदा बघायचा. मूळ फाईल जपून ठेवायची. खऱ्याखोट्याची पारखही सोपी आहे: ओळ निवडून तिला एखादा इंग्रजी टंक लावून बघावा. मराठी टिकली तर ती खरी. इंग्रजी अक्षरे उमटली तर ते सोंग.

ही पारख मीच बडेबाबूंना शिकवली. परवा माझी जुनी टिपणे वार्षिकांकासाठी त्यांच्याकडे दिली. त्यांनी ओळ निवडली, टंक बदलला, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत शांतपणे म्हणाले, “सर, हे तं वरूनच मराठी हाये जी.”