c अंतरालातच असल्याची ओळ

[a, b] या बंदिस्त अंतरालावर संतत असलेले फलन सीमित असते, हे प्रमेय परीक्षेसाठी सिद्ध करून लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला पहिली अडचण आरंभीच अनुभवास येते. कारण 'सीमित नाही' याऐवजी 'फलन अनंताकडे जाते' असे लिहिण्याचा मोह होतो आणि त्या वाक्यातून पुढे काहीच निष्पन्न होत नाही. फलन f सीमित असणे म्हणजे अशी एक संख्या M असणे, की अंतरालातील प्रत्येक x साठी |f(x)| ≤ M ठरावे. म्हणून f सीमित नसेल, तर कोणतीही नैसर्गिक संख्या n घेतली तरी [a, b] मध्ये |f(xₙ)| > n असा निदान एक बिंदू xₙ सापडतो. नकार इतका नेमका मांडला, की बिंदूंची एक क्रमिका हाती येते आणि सिद्धतेला खरी सुरुवात होते.

ही क्रमिका स्वतः अभिसारी असेलच असे नाही, कारण तिची पदे आलटून पालटून दोन्ही टोकांकडे झुकू शकतात. मात्र सर्व पदे a आणि b यांच्या दरम्यान असल्याने, बोल्झानो-वायरश्ट्रास प्रमेयानुसार, तिच्यातून एखाद्या संख्येकडे, समजा c कडे, अभिसारी होणारी उपक्रमिका निवडता येते. यानंतरची ओळ उत्तरपत्रिकेत वारंवार गळते, आणि प्रमेयाचा प्राण तर तिच्यातच आहे: उपक्रमिकेचे प्रत्येक पद a ≤ x ≤ b या असमतेत बसते, सीमा घेतानाही ही असमता टिकते, म्हणून c हा [a, b] मधीलच बिंदू ठरतो.

ही ओळ गाळल्यास काय बिघडते, हे (0, 1) या खुल्या अंतरालावरील f(x) = 1/x या संतत फलनात स्पष्ट दिसते. तेथे xₙ = 1/(n+1) घेतल्यास f(xₙ) = n+1 > n मिळते, क्रमिका 0 कडे जाते, परंतु 0 अंतरालात नसल्यामुळे f(0) ला अर्थच उरत नाही आणि युक्तिवाद तेथेच थांबतो.

बंदिस्त अंतरालात मात्र c वर f संतत असल्याने उपक्रमिकेवरील फलनाची मूल्ये f(c) कडे अभिसारी होतात आणि अभिसारी क्रमिका सीमित असते. उलट, उपक्रमिकेच्या k व्या पदाचा मूळ क्रमांक किमान k असल्याने तेथील मूल्य निरपेक्षतः k पेक्षा मोठे असते, म्हणजे ती मूल्ये सीमित असू शकत नाहीत. या विसंगतीने सिद्धता पूर्ण होते. येथे 'f ला महत्तम मूल्य असते' या विधानाचा आधार घेणे सदोष होय, कारण त्या विधानाची प्रचलित सिद्धता याच प्रमेयावर उभी असते.

सांतत्याचे गृहीतक नेमके कोठे वापरले, हेही उत्तरात दिसले पाहिजे. त्याच 1/x ला f(0) = 0 हे मूल्य बहाल करून अंतराल [0, 1] केले, तर c = 0 अंतरालात येतो, तरीही फलन असीमितच राहते; तेथे तुटते ती f(c) कडे अभिसरणाची ओळ, कारण 0 वर ते संतत नाही.