तपासत राहण्याचा आजार

लैंगिक तक्रार घेऊन येणाऱ्या पुरुषांमध्ये काहीजण असे असतात, की त्यांना समजावून सांगितलेलं सगळं समजतं आणि तरीही काही उपयोग होत नाही. 'तुमचं सगळं नॉर्मल आहे' हे ऐकून ते मोकळा श्वास घेतात, आणि दोन दिवसांत नवी शंका घेऊन परत येतात. त्यांच्या दोन तक्रारी असतात. ऐन वेळी ताठरता येणार नाही ही भीती दिवसभर पाठ सोडत नाही, आणि नको ती लैंगिक दृश्यं मनात घुसतात. एकीवर लैंगिक समस्यांच्या तज्ज्ञाने आणि दुसरीवर मानसोपचारतज्ज्ञाने उपचार करावेत, असा प्रघात आहे. माझं म्हणणं असं, की चिंतेच्या आणि ओसीडीच्या, म्हणजे मंत्रचळाच्या, रुग्णांमध्ये या दोन तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. आजार ताठरतेचा नसतो आणि विचारांचाही नसतो. तो तपासत राहण्याचा असतो, आणि उपचारही तपासण्यावरच करावा लागतो.

आधी विचारांकडे पाहू. १९७८मध्ये रॅकमन आणि डी सिल्वा यांनी मंत्रचळाचे रुग्ण आणि निरोगी माणसं यांच्या मनात येणाऱ्या नकोशा विचारांची तुलना केली. आशय जवळजवळ सारखाच निघाला. हिंसेचे, देवाच्या विटंबनेचे, निषिद्ध संबंधांचे विचार दोघांनाही येत होते. २०१४मध्ये तेरा देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांच्या पाहणीतही हेच दिसलं. आधीच्या तीन महिन्यांत असा एकतरी विचार आल्याचं ९४ टक्के जणांनी सांगितलं. म्हणजे विचार येणं हे आजाराचं लक्षण नाही. फरक पडतो तो पुढच्या क्षणी. निरोगी माणूस 'काहीतरीच' म्हणून पुढे जातो. रुग्ण थांबतो आणि स्वतःला विचारतो, 'हे माझ्या मनात आलंच कसं? मी तसा आहे का?' मग तो विचार हाकलायला लागतो. हाकललेला विचार पुन्हापुन्हा का येतो, हे डॅनिएल वेगनर यांच्या १९८७च्या प्रयोगाने दाखवलं. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असं सांगितलेल्यांच्या मनात ते अस्वल येतच राहिलं. विचार गेला की नाही हे पाहायचं, तर तो आधी आठवावाच लागतो.

ताठरतेची गत याच्या उलट दिसते, पण नियम तोच आहे. ताठरता हुकमाने येत नाही. स्वायत्त मज्जासंस्थेचा विसाव्याचा भाग कामाला लागला, की शिश्नातल्या नसांमधून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, स्नायू सैलावतात आणि रक्त भरतं. धोक्याच्या वेळी नॉरअ‍ॅड्रेनलिन हेच स्नायू आवळतं. पण नुसत्या भीतीने सगळं उलगडत नाही. बार्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३मध्ये निरोगी पुरुषांना विजेच्या झटक्याची धमकी दिली, तर त्यांची उत्तेजना घटण्याऐवजी वाढली. पुढच्या प्रयोगांत दुसऱ्याच गोष्टीकडे लक्ष वळवल्यावर निरोगी पुरुषांची उत्तेजना उतरली, पण ताठरतेची तक्रार असलेल्यांना त्याने फारसा फरक पडला नाही. यावरून बार्लो यांनी १९८६मध्ये मांडणी केली, की प्रश्न लक्ष कुठे आहे याचा आहे. निरोगी पुरुषाचं लक्ष स्पर्शात आणि जोडीदारात असतं. तक्रार असलेल्याचं लक्ष 'आता कितपत आहे, टिकेल का' या हिशेबात असतं. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी १९७०मध्येच असा पुरुष स्वतःच्या शय्येवर प्रेक्षक होऊन बसतो, हे नोंदवलं होतं. पेरलेलं बी रुजलं का, हे रोज उकरून पाहणाऱ्याच्या शेतात जे होतं, तेच इथे होतं.

एक नमुना घेऊ. तो कोणा एका माणसाचा नाही, पण त्यातला प्रत्येक तपशील वारंवार भेटणारा आहे. तिशीतला, सहा महिन्यांपूर्वी लग्न झालेला पुरुष. एका रात्री संबंधाच्या वेळी त्याच्या डोळ्यांसमोर अचानक वहिनीचा चेहरा आला. तो दचकला आणि ताठरता गेली. त्या एका क्षणातून त्याने दोन निष्कर्ष काढले : मी नामर्द होतोय, आणि माझी नजर वाईट आहे. त्या दिवसापासून तो सकाळी डोळे उघडायच्या आधी ताठरता आहे का ते पाहतो. दुपारी ऑफिसच्या बाथरूममध्ये मोबाइलवर चित्रफीत लावून 'चालतंय ना' याची खात्री करतो. रात्री इंटरनेटवर लक्षणं शोधतो, बायकोला 'तुला काही कमी वाटतं का' असं विचारतो. आणि वहिनी समोर आली, की मांड्यांच्या मध्ये काही हालचाल होते का याकडे त्याचं लक्ष जातं. लक्ष गेलं, की काहीतरी जाणवतंच. शरीराच्या कोणत्याही भागाकडे टक लावून ध्यान दिलं तर संवेदना जाणवते. मग देवाचं नाव घेऊन ते पुसायचं, वहिनी असेल त्या खोलीत जायचं टाळायचं.

एकाच अवयवाकडे तो दोन परस्परविरोधी साक्षी मागतो आहे. शय्येवर त्याने पुरुषत्वाची साक्ष द्यावी आणि वहिनीसमोर निरपराधपणाची. पण हा अवयव साक्षीला उभा करण्याजोगा नाही. इच्छा असताना तो कधी प्रतिसाद देत नाही, आणि नुसत्या लक्षाने, स्पर्शाने किंवा घाबरण्याने कधी देतो. झोपेत तर स्वप्नांच्या टप्प्यांसोबत रात्रीतून तीन ते पाच वेळा ताठरता येते आणि तिचा माणसाच्या हेतूशी काहीही संबंध नसतो. शरीराची हालचाल म्हणजे मनाची संमती, हे गृहीतकच चुकीचं आहे. म्हणून प्रत्येक तपासणीचा निकाल संशयास्पद येतो आणि पुढची तपासणी आवश्यक वाटते.

उपचार याच साखळीवर करायचा. त्याला एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन म्हणतात. भीतीला सामोरं जायचं आणि तिच्यापाठोपाठ येणारी सक्तीची कृती करायची नाही. पहिला आठवडा रुग्ण फक्त तपासण्या मोजतो. ताठरता मोजायची नाही, हे बजावून सांगावं लागतं, कारण तीच नोंद तो पहिल्यांदा करू पाहतो. मग सोप्याकडून अवघडाकडे जायचं. सकाळी जाग येताच उठून चूळ भरायची, पाहायचं नाही. इंटरनेटवरचा शोध बंद. चाचणीसाठीची चित्रफीत बंद. बायकोने धीर देण्याऐवजी आधी ठरवलेलं एकच वाक्य म्हणायचं : 'याचं उत्तर मी देणार नाही, असं आपलं ठरलंय.' त्यानंतर तो स्वतःच्या हाताने लिहितो, 'आज रात्री जमणार नाही, कदाचित पुढेही जमणार नाही, आणि मी खरोखर कसा आहे हे मला कधीच शंभर टक्के कळणार नाही.' हे तो रोज वाचतो, आणि वाचून झाल्यावर देवाचं नाव घेत नाही, मनाची समजूत घालत नाही. वहिनीबरोबर चहा घेतो. अस्वस्थता आपोआप ओसरते, आणि ओसरली नाही तरी सोसवते, हा अनुभव मनाला तर्कापेक्षा जास्त शिकवतो.

शयनगृहातला भाग इथे फार जपून हाताळावा लागतो. मास्टर्स आणि जॉन्सन यांची सेन्सेट फोकस ही पद्धत ठरावीक काळ संभोग बंद ठेवते आणि जोडप्याला नुसत्या स्पर्शाकडे वळवते. साध्या कामगिरीच्या भीतीवर ती चांगली चालते. मंत्रचळाचा रुग्ण मात्र तिचीच परीक्षा करून टाकतो. 'संभोग बंद आहे, म्हणजे दडपण नाही. आता तर ताठरता यायलाच हवी' असं त्याचं मन म्हणतं. स्पर्शाचा सराव करून आलेला माणूस काय जाणवलं हे न सांगता किती टक्के ताठरता होती ते सांगू लागला, की सरावाचा विधी झाला आहे असं समजावं. तेव्हा सूचना उलटी द्यावी लागते : ताठरता आली तर थांबा, ती मुद्दाम जाऊ द्या, मग पुन्हा स्पर्शाकडे या. जाण्याची भीती जाऊ देऊनच उतरते. आणि मध्येच नकोसा चेहरा समोर आला, तर तो हाकलायचा नाही, त्याच्याशी वादही घालायचा नाही. तो असताना स्पर्श चालू ठेवायचा.

आक्षेप येतो, की खरंच शारीरिक बिघाड असला तर? तो असू शकतो आणि तो पाहिलाच पाहिजे. शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असल्याने रक्तवाहिन्यांचा आजार कधी ताठरतेच्या तक्रारीतून आधी दिसतो. म्हणून रक्तदाब, साखर, चरबी, सकाळचं टेस्टोस्टेरॉन, चालू औषधं आणि व्यसनं यांची एकदा नीट तपासणी करावी. तक्रार हळूहळू वाढत गेली असेल, आणि सकाळी, एकांतात, सगळीकडे सारखीच असेल, तर शरीराकडे बोट जातं. अचानक सुरू झालेली, प्रसंगानुसार बदलणारी असेल, तर मनाकडे. मात्र डॉक्टरने ठरवलेली तपासणी झाली आणि नवं लक्षण नाही, तर दुसरी करायची नाही. पाचवा टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट ही तपासणी नसते, ती सक्तीची कृती असते.

दुसरा आक्षेप गोळीचा. सिल्डेनाफिल १९९८पासून उपलब्ध आहे, ती देऊन मोकळं का होऊ नये? साध्या भीतीत थोडे दिवस ती आधार देते. मंत्रचळात मात्र 'गोळीमुळे जमलं, गोळीशिवाय जमेल का' हा नवा प्रश्न उभा राहतो, आणि खिशातली गोळी चाचपून पाहणं हीच नवी तपासणी होते. ओसीडीवरची एसएसआरआय औषधं उपयोगी आहेत, पण त्यांना बऱ्याचदा मोठा डोस आणि आठ ते बारा आठवडे लागतात, आणि त्यांनी इच्छा, ताठरता आणि वीर्यपतन यांवर परिणाम होऊ शकतो. हे आधी सांगितलं नाही, तर त्याच परिणामाला रुग्ण आपल्या भीतीचा पुरावा मानतो आणि औषध परस्पर सोडतो. आधी सांगितलं, तर डोस किंवा औषध बदलण्याची वाट खुली राहते.

तिसरा आक्षेप आपल्या समाजाकडे बोट दाखवतो : लोकांना माहितीच नाही, ती द्या, भीती जाईल. र. धों. कर्वे यांनी १९२७पासून १९५३पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं ते याच अज्ञानाशी लढायला, आणि ती लढाई आजही संपलेली नाही. अज्ञानातून आलेली भीती माहितीने जाते. पण मंत्रचळाच्या रुग्णाकडे माहिती पुष्कळ असते, कित्येकदा डॉक्टरपेक्षा ताजी. त्याला उत्तर नको असतं, खात्री हवी असते, आणि खात्रीची मुदत तासाभराची असते. म्हणून एकच माहिती पहिल्यांदा दिली तर उपचार ठरते, दहाव्यांदा दिली तर आजाराला खतपाणी. हे ओळखून वेळेवर गप्प बसणं आमच्या व्यवसायात सगळ्यात अवघड जातं, कारण समोरचा माणूस खरोखर कळवळून विचारत असतो.

उरतो सर्वांत गंभीर आक्षेप. तो विचार खरी वासना असेल तर? वासना आणि मंत्रचळ यांत फरक करण्याच्या खुणा आहेत. मंत्रचळात विचार आला की किळस आणि भीती येते, माणूस तो प्रसंग टाळतो, अपराधभावाने कबुली देत सुटतो. वासनेत ओढ असते, कल्पना रमवते, संधी शोधली जाते. हा फरक तपासणाऱ्याने पहिल्या भेटींत नीट करावा आणि मग पुन्हा करू नये. रुग्णाला दर भेटीत 'तुम्ही तसे नाही' असं सांगणं दयाळूपणाचं वाटतं, पण त्यामुळे खटला चालूच राहतो; आपण फक्त आरोपीचे वकील झालेलो असतो. खटलाच मागे घ्यायचा आहे.

म्हणून बरं होण्याचं मोजमापही बदलावं लागतं. किती रात्री जमलं हे विचारलं, तर आपणही तपासणीत सामील होतो. दिवसातल्या किती तपासण्या कमी झाल्या, किती वेळ त्यात जायचा आणि आता किती जातो, हे विचारावं. ताठरता प्रत्येक निरोगी पुरुषाची कधी ना कधी जाते आणि नकोसा विचार प्रत्येकाला येतो. उपचारानंतरही रुग्णाला एखादी अशी रात्र येणारच. तिच्या दुसऱ्या सकाळी तो काहीही न तपासता उठला, तर तो बरा झाला असं आम्ही धरतो. रात्र चांगली गेली आणि सकाळी त्याने खात्री करून घेतली, तर उपचार अजून बाकी आहे.