लग्न सहा तासांचं, फिल्म पन्नास मिनिटांची

लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करताना मला सगळ्यात जड गेलेलं काम हसनाबादच्या एका लग्नाचं. मुख्य कॅमेऱ्याचं चित्रीकरण सहा तासांचं होतं, दुसऱ्या कॅमेऱ्याचं साडेचार तासांचं. मुलीचा सख्खा भाऊ सैन्यात असल्यामुळे त्याला लग्नाला येता आलं नव्हतं. वडील म्हणाले, "त्याला एका बैठकीत बघता आलं पाहिजे. पण विधी मागंपुढं होऊ देऊ नका, आणि भाषणं तोडू नका. सगळी मोठी माणसं मनापासून बोलली आहेत."

लहान करा आणि तोडू नका, या दोन्ही मागण्या रास्त होत्या. म्हणून काहीही कापायच्या आधी मी लग्न लावलेल्या गुरुजींकडे गेलो आणि त्यांच्या तोंडून विधींचा क्रम लिहून घेतला. सीमांतपूजन, गौरीहर, परण्या, भाषणं, मंगलाष्टकं, कन्यादान, कंकणबंधन, मंगळसूत्र, विवाहहोम, लाजाहोम, सप्तपदी, पाठवणी. आपल्याकडे गावोगावी आणि समाजासमाजात हा क्रम थोडाफार बदलतो. त्यामुळे आधीच्या लग्नाचा साचा इथे चालत नाही. ज्या गुरुजींनी लग्न लावलं, त्यांचाच क्रम खरा.

मग दोन्ही कॅमेरे जुळवायला घेतले. दुसऱ्या कॅमेऱ्याच्या घड्याळात सकाळ-संध्याकाळची अदलाबदल झालेली होती. फायली वेळेनुसार लावल्या तर दुपारची मंगलाष्टकं हळदीच्याही आधी येत होती. अशा वेळी घड्याळावर विसंबायचं नाही, आवाजावर विसंबायचं. मंगलाष्टक संपताना 'सावधान' म्हटल्याबरोबर बँडचा जो ठोका पडतो, त्याचा पडद्यावरच्या आवाजाच्या आलेखात सुळका दिसतो. दोन्ही कॅमेऱ्यांचे सुळके एकाखाली एक आणले की चित्रही जुळतं. पुढे तासाभरानं ते पुन्हा तपासावं लागतं, कारण दोन कॅमेऱ्यांची चाल हळूहळू एकमेकींपासून सरकते.

क्रम चुकला आहे का, हे अंगावरच्या खुणांवरून कळतं. नवरीच्या गळ्यात मंगळसूत्र असेल तर तो तुकडा कन्यादानात बसू शकत नाही. शेल्याची गाठ पडलेली असेल तर ते दृश्य गाठ बांधण्याच्या आधीचं नाही. मंगलाष्टकांमध्ये तर डोक्यावरच्या अक्षताच वेळ सांगतात. पहिल्या अष्टकाला चार दाणे असतात, शेवटच्याला केस पांढरे झालेले असतात. एखादा चेहरा सुंदर आला म्हणून तो उचलून आधीच्या विधीत लावण्याचा मोह प्रत्येक एडिटरला होतो. माझं ठाम मत आहे की ते करू नये. घरातली मावशी तो तुकडा पाहताक्षणी ओळखते, आणि मग बाकीच्या खऱ्या दृश्यांवरचाही तिचा विश्वास उडतो.

वेळ कुठून वाचवायचा? विधींमधून नाही, विधींच्या मधल्या जागेतून. पाहुण्यांचे फेटे बांधणं, शाल-टोपीचे सत्कार, आहेर, जोडप्याशेजारी उभं राहून काढलेले फोटो आणि जेवणाच्या पंगती यांतच तीन तासांहून जास्त चित्रीकरण होतं. सत्कारात मी प्रत्येकाला सारखाच वेळ दिला, साधारण तीन सेकंद. आमदार असो की गावातला सालदार, शाल खांद्यावर पडते तेवढा क्षण ठेवला. कुणालाच वगळलं नाही.

विधीच्या आत कापायचं तर आरंभ, मुख्य कृती आणि शेवट हे तिन्ही दिसले पाहिजेत. होमाच्या तयारीत समिधा रचण्याचा लांब भाग गेला तरी चालतो. सप्तपदीत मात्र एकही पाऊल गाळता येत नाही. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 7 नुसार जिथे विधीत सप्तपदी आहे, तिथे सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की योग्य विधी न होता नुसतं प्रमाणपत्र घेतल्यानं हिंदू विवाह सिद्ध होत नाही. म्हणून सातही पावलं मी एकाच कॅमेऱ्यातून, मध्ये काप न देता ठेवली. लाजाहोमात भावानं बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालायच्या असतात. इथे तिच्या चुलतभावानं त्या घातल्या आणि नवरदेवाचा कानही त्यानंच पिळला. दूर असलेल्या सख्ख्या भावाला नेमकं हेच बघायचं असणार, म्हणून तो भाग जवळजवळ पूर्ण राहिला.

मंगलाष्टकांमध्ये अष्टकाच्या मध्ये कधीच कापायचं नाही, गाळायचं तर अख्खं अष्टक गाळायचं. मी पहिलं, नवरीच्या आत्यानं स्वतः रचलेलं आणि अंतरपाट दूर होतो ते शेवटचं, अशी तीन ठेवली. दोन अष्टकांमधला जोड बँडच्या ठोक्यावर दिला आणि तिथे चित्र क्षणभर काळं केलं. मध्ये काहीतरी गेलं आहे हे पाहणाऱ्याला कळलं पाहिजे, म्हणून ते लपवलं नाही.

भाषणं पाच होती आणि मिळून पाऊण तासाच्या वर जात होती. सगळ्यात मोठं अठरा मिनिटांचं, कीर्तनकार महाराजांचं. कॅमेऱ्यानं 4 जीबी भरल्यावर आपोआप नवी फाइल सुरू केली होती आणि त्यांचं एक वाक्य दोन फायलींत तुटलं होतं. दोन्ही फायली जोडल्यावरच मी भाषणाला हात लावला. आधी ते पूर्ण ऐकून कागदावर उतरवलं. सुरुवातीला मंचावरच्या मान्यवरांची नावं, मग दोन दृष्टान्त, मग सासूला आणि सुनेला वेगवेगळा उपदेश, शेवटी आशीर्वाद. ती माणसं सत्कारांत दिसलेलीच होती, म्हणून नावं काढली. एक दृष्टान्त अख्खा काढला, दुसरा अख्खा ठेवला. अर्धा दृष्टान्त ठेवण्यापेक्षा तो नसलेला बरा. उपदेश आणि आशीर्वाद दोन्ही राहिले, आणि भाषण साडेपाच मिनिटांवर आलं.

भाषण कापताना आपल्या भाषेचं एक वळण सांभाळावं लागतं. क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात. महाराज म्हणाले होते, मुलीकडून काही मागितलं असं या घराबद्दल कुणी म्हणू शकणार नाही. श्वासासाठी ते 'मागितलं'वर थांबले होते. घाईत तिथे कात्री लागली असती तर कौतुकाचा आरोप झाला असता. दुसरी खूण तुकड्याच्या सुरुवातीची. तो 'म्हणून', 'पण' किंवा 'तेच' यांनी सुरू होत असेल तर ज्याचा आधार घेतला आहे, ते मागचं वाक्य आपण टाकलेलं असतं. ते परत आणायचं. जोडावर वक्त्याचं डोकं एकदम हलल्यासारखं दिसतं, ते झाकायला मी ऐकणाऱ्यांचे चेहरे घेतले, पण त्याच भाषणातले. आजोबांच्या भाषणावरच्या टाळ्या दुसऱ्या कुणाला दिल्या नाहीत. आजोबांचं भाषण दोन मिनिटांचं होतं. त्यांचा आवाज भरून आला, ते थांबले, मग पुन्हा बोलले. तिथे काहीच कापलं नाही.

तयार फिल्म पन्नास मिनिटांची झाली. दर सेकंदाला 8 मेगाबिट या दर्जानं ती साधारण 3 जीबीची होते, म्हणजे 4 जीबीपेक्षा मोठी फाइल न घेणाऱ्या साध्या पेन ड्राइव्हवरही बसते. भावाला पाठवण्याआधी ती गुरुजींना क्रमासाठी आणि आत्याला माणसांसाठी दाखवली. आत्यानं आजीच्या बहिणीचा एक तुकडा परत घालायला लावला, तो घातला.

ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांना माझी विनंती एवढीच. गुरुजींकडून विधींचा क्रम लिहून घेऊन तो आदल्या दिवशीच शूटिंगवाल्याच्या हातात द्या. आणि फिल्म मिळाली म्हणून मूळ चित्रीकरण पुसू देऊ नका. ते दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि त्यातली एक स्वतःच्या घरी ठेवा.