एका तासाचे मोल

परिव्यय-लेखापालाच्या व्यवसायात कारखानदारांनी मला दोन प्रश्न वारंवार विचारले आहेत: अमुक भाग घरी करावा की बाहेरून घ्यावा, आणि नेहमीपेक्षा कमी भावाची एखादी खास मागणी पत्करावी की परतवावी. पाठ्यपुस्तकांत हे प्रश्न निरनिराळ्या प्रकरणांत येतात. परंतु जेथे एखादे साधन अपुरे पडत असते तेथे ते वस्तुतः एकच असतात, हे मला कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका लहानशा पंप-कारखान्यात प्रथम नीट उमजले.

त्या कारखान्यात शिरताच माझी नजर खोळंब्याकडे गेली. लेथवरचे कारागीर हात पुसत उभे होते, आणि ग्राइंडिंग मशीनपुढे मात्र अर्धवट झालेल्या शाफ्टांचे लाकडी ट्रे छातीइतके रचलेले होते. मर्यादक घटक कोणता, हे खतावणीतून शोधण्यापूर्वी असे ढीग पाहावेत, असा माझा तेव्हापासूनचा दस्तूर आहे. ते मशीन दोन पाळ्यांत मिळून महिन्याला ४०० तास चाले. मागणी ६०० पंपांची होती. प्रत्येक पंपाला एक शाफ्ट आणि एक स्लीव्ह लागे, शाफ्टला अर्धा तास आणि स्लीव्हला पाव तास. म्हणजे गरज ४५० तासांची, आणि तूट ५० तासांची.

शाफ्टचा माल, नगावर दिली जाणारी मजुरी आणि वीज मिळून सीमांत खर्च ३०० रुपये होता, आणि बाहेरचा भाव ३६०. स्लीव्हचा खर्च ८० आणि भाव १२०. मालक म्हणाले, ‘‘साहेब, स्लीव्हला चाळीसच जादा पडतात, शाफ्टला साठ. स्लीव्ह बाहेरून घेऊ.’’ हा विचार सरळ दिसतो, आणि म्हणूनच तो फसवा आहे. कारण अपुरे होते ते नग नव्हेत, तास होते. स्लीव्ह बाहेरून घेतल्यास मोकळ्या होणाऱ्या प्रत्येक तासामागे १६० रुपये मोजावे लागत, शाफ्ट घेतल्यास १२०. पन्नास तास मिळवण्यासाठी २०० स्लीव्ह घेतल्या तर महिन्याला ८,००० रुपये जादा जात. १०० शाफ्ट घेतले तर ६,०००.

शाफ्टच बाहेरून घेण्याचा निर्णय झाला आणि त्याच आठवड्यात एका व्यापाऱ्याचे पत्र आले: २०० स्पिंडल हवेत, दर ५०० रुपये, प्रत्येकाला ग्राइंडिंगचा एक तास. दफ्तरातील कारकुनाने सीमांत खर्च ३९० धरला, त्यावर तासाला १८० रुपयांप्रमाणे स्थिर खर्चाचा वाटा चढवला, आणि ५७० ची बेरीज दाखवून मागणी नाकारण्याची शिफारस केली. ती बेरीज गैरलागू होती, कारण जागेचे भाडे व पगार मागणी घेतली तरी तेवढेच राहणार आणि न घेतली तरी तेवढेच. नुकताच सीमांत परिव्यय शिकून आलेला एक तरुण सहायक उलट म्हणाला की नगामागे ११० रुपये अंशदान मिळते, तेव्हा मागणी घ्यावीच. त्याचे गणित मशीन रिकामे असते तर निर्दोष ठरले असते. येथे मात्र स्पिंडलला दिलेला प्रत्येक तास शाफ्टपासून काढून घ्यायचा होता, आणि त्या तासातले दोन शाफ्ट बाहेरून आणण्यास १२० रुपये जादा लागणार होते. म्हणून स्पिंडलचा किमान दर ३९० अधिक १२०, म्हणजे ५१०. ५०० ला तो दिला असता तर प्रत्येक नगावर दहा रुपये बुडाले असते, आणि हा तोटा कोणत्याही वहीत ‘तोटा’ म्हणून दिसला नसता.

या १२० रुपयांच्या आकड्याला सीमा आहेत. शाफ्टांचे ३०० तास, त्यांतले ५० आधीच सोडवलेले. उरलेल्या २५० तासांपलीकडे मागणी गेली की स्लीव्हना हात घालावा लागतो आणि किमान दर एकदम ५५० वर चढतो. मजुरी नगावर नसून महिन्याची बांधीव असती, तर भाग बाहेरून घेतल्याने ती वाचली नसती, आणि तिला सीमांत खर्चात धरणे चुकीचे ठरले असते. शिवाय तासामागे १२० रुपयांहून कमी जादा खर्चात तिसरी पाळी उभी राहत असेल तर बाहेर जाण्याचे कारणच उरत नाही. येथे त्या पाळीसाठी ग्राइंडिंगचा कुशल कारागीर मिळाला नाही.

आम्ही व्यापाऱ्याला ५४० चा दर कळवला, आणि घासाघीस होऊन सौदा ५२५ ला ठरला. मात्र मंजुरीपूर्वी शाफ्ट पुरवणाऱ्याकडून महिन्यात ५०० नग मिळतील असे लेखी घेतले आणि त्याचे पहिले दहा नग मायक्रोमीटरने मोजून पाहिले. त्या मागणीवर ३,००० रुपये सुटले.