रात्री साडेनऊला हवा गेली: एका ट्रिपचालकाचा दोन पानी अहवाल

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण घरातलं कुणी देवदर्शनाच्या बसने जात असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आमच्या गावातून दर महिन्याला तीन-चार तरी बस सुटतात. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर हा ठरलेला फेरा. त्यातल्याच एका ट्रिपचालकाने मागच्या महिन्यात दोन पानांचा अहवाल लिहून आपल्या प्रवाशांच्या ग्रुपवर टाकला. बस रात्री महामार्गावर बंद पडली, त्याचा अहवाल. कुणी मागितला नव्हता. बावीस वर्षांच्या पत्रकारितेत अपघाताचे पंचनामे ढीगभर वाचले, पण अपघात झाला नाही त्याचा अहवाल पहिल्यांदाच हाती आला. मालकांची परवानगी घेऊन, त्यांच्याशी आणि ड्रायव्हरशी बसून बोलून हे लिहितोय. नावं देत नाही, त्यांनाही नकोत.

बसमध्ये ३८ प्रवासी होते, त्यातले २२ जण साठीच्या पुढचे. मालक स्वतः, ड्रायव्हर आणि क्लीनर धरून ४१ डोकी. पुणे-सोलापूर रस्त्यावर टेंभुर्णी मागे टाकून गाडी मोहोळकडे निघाली होती. दहा वाजता मोहोळजवळच्या हॉटेलात जेवण सांगून ठेवलेलं. ९ वाजून ३५ मिनिटांनी डॅशबोर्डवरचा बझर वाजला आणि हवेचा काटा खाली यायला लागला.

इथे थोडं गाडीचं समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मोठ्या बसचा ब्रेक हवेवर चालतो. काटा एरवी आठ बारच्या आसपास असतो, चार-पाचच्या खाली आला की बझर ओरडतो. मागच्या चाकांना स्प्रिंगचे ब्रेक असतात. टाकीत हवा आहे तोवर ती स्प्रिंग दाबून धरलेली असते; हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि चाकं जागच्या जागी धरली जातात. म्हणजे हवा संपल्यावर बस ढकलून बाजूला घ्यायची सोय नाही. जिथे थांबली तिथे थांबली, मग ती मधली लेन का असेना.

ड्रायव्हरच्या हातात जेमतेम मिनिट होतं. तो म्हणाला, "ढाबा समोर दिसत होता, अर्धा किलोमीटर. मोह झाला. पण काटा बघितला आन् गाडी डावीकडं घातली." ब्रेकवर सारखा पाय न देता, गिअर उतरवत त्याने बस डांबरी कडेच्याही बाहेर, जितकी डावीकडे जाईल तितकी नेली. बस थांबली आणि मागची चाकं आवळली. ढाब्याच्या मोहात पडला असता तर बस लेनमध्येच आवळली असती.

आता खरी गोष्ट. महामार्गावर रात्री उभी गाडी हीच सगळ्यात मोठी भीती. १५ ऑक्टोबर २०२३ ची बातमी आठवत असेल. समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ सैलानी बाबांच्या दर्शनाहून परतणाऱ्या भाविकांची मिनी बस ट्रकवर मागून आदळली आणि १२ जण गेले. मागून येणाऱ्याला पुढची गाडी उभी आहे हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. ताशी ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. माणसाला दिसून, उमजून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड-दोन सेकंद गेलेच, म्हणजे ४० मीटर नुसते बघण्यातच गेले. आपल्याकडे तो लाल त्रिकोण बसच्या मागे दहा पावलांवर ठेवतात. तो ठेवला काय नि न ठेवला काय, सारखंच.

क्लीनर पोरगा बॅटरी घेऊन मागे दीडशे पावलं गेला. रस्त्यावरून नाही, लोखंडी कठड्याच्या पलीकडून, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून. तिथे त्रिकोण ठेवला आणि स्वतः कठड्याआड राहिला. बसचे चारी इंडिकेटर आणि आतले सगळे दिवे चालू ठेवले, म्हणजे अख्खी बस उजळलेली दिसते. दगड आणि फांद्या मात्र मालकांनी लावू दिल्या नाहीत. गाडी निघून जाते, दगड तिथेच राहतो आणि तासाभराने एखादा मोटारसायकलवाला त्यावर जातो. आमच्या बायपासवर हे मी दोनदा छापलंय.

मग प्रवाशांना उतरवायचं. इथे भांडण झालं. थंडी होती, आत ऊब होती, "आम्ही बसतो आतच, तुम्ही करा दुरुस्त" असं बऱ्याच जणांचं म्हणणं. मालकांनी आवाज चढवला: "काकी, मागनं ट्रक आला तर ही ऊब काय कामाची?" सगळ्यांना डाव्या दारानेच उतरवलं. सामान डिकीत ठेवायचं, म्हणजे उतरल्याबरोबर लोक बसच्या मागे जमणार. नेमकी तीच जागा जिवावरची, म्हणून डिकी उघडायचीच नाही असं ठरलं. बसच्या पुढेही कुणी उभं राहायचं नाही, कारण मागून धडक बसली तर बस पुढेच जाणार. सगळे कठड्याच्या पलीकडे, बसपासून लांब.

पण कठडा ओलांडायचा कसा? सत्तरीतल्या बाईने मांडीएवढ्या उंचीच्या पत्र्यावरून पाय टाकायचा म्हणजे दुसराच अपघात. तीसेक पावलांवर कठड्याला खंड होता, तिथून एकेक करून नेले. पलीकडे उतार किती, खड्डा आहे का, हे आधी बॅटरी मारून बघितलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एका आजींना बसमध्ये चढायला ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी उचललं. मग यादी काढून नावानिशी हजेरी. कंत्राटी परवान्याच्या बसला प्रवाशांची यादी सोबत ठेवावीच लागते. ती एरवी आरटीओला दाखवण्यापुरती असते, त्या रात्री तिचा खरा उपयोग झाला. अहवालात लिहिलंय, "मुंडकी मोजली नाहीत, नावं घेतली." मोजताना ३८ च्या जागी ३७ आले तर कोण नाही ते कळत नाही.

हे चालू असताना मालकांनी १०३३ लावला. राष्ट्रीय महामार्गाची ही मदतीची लाइन आहे. पलीकडून विचारतात कुठल्या किलोमीटरला आणि कुठल्या बाजूला. कडेचा किलोमीटरचा दगड वाचून आणि "पुण्याकडून सोलापूरकडे" एवढं सांगितल्यावर पंचवीस मिनिटांत गस्तीची गाडी आली. लाल-पिवळा दिवा, शंकू मांडले, आणि मग कुठे सगळ्यांचा श्वास खाली बसला. कुणाला इजा नव्हती म्हणून १०८ लावला नाही. पण तो लावायची वेळ येता येता राहिली.

सव्वादहाच्या सुमाराला एक आजोबा गप्प झाले. थंडीत घाम, हात थरथरतायत, विचारलं तर भलतंच बोलतायत. सोबतचे म्हणाले, दमलेत, झोपू द्या. त्यांच्या सुनेने मात्र सांगितलं की दहाला जेवायचंय म्हणून यांनी साडेनऊलाच साखरेची गोळी घेतली होती. गोळी पोटात, जेवण नाही, वरून धावपळ. साखर खाली आलेली. शुद्धीवर होते, गिळत होते, म्हणून तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी माणूस ताळ्यावर आला. मग बिस्किटं दिली, कारण नुसत्या साखरेचा जोर टिकत नाही. बेशुद्ध असते तर तोंडात काही घालायचं नव्हतं, थेट १०८. मालकांनी लगेच सगळ्यांमध्ये फिरून विचारलं, जेवणाआधीची गोळी कुणी कुणी घेतलीय? आणखी चौघे निघाले. चौघांनाही तिथेच बिस्किटं आणि केळी.

मला विचाराल तर अख्ख्या अहवालातली ही सगळ्यात कामाची ओळ. बस बंद पडली की सगळे इंजिनाकडे बघतात, गोळीकडे कुणी बघत नाही.

बाकीचं भराभर सांगतो. मोहोळच्या हॉटेलवाल्याने सांगितलेलं जेवण पिकअपमधून पाठवलं, पावणेअकराला पिठलं-भात आला. बायकांसाठी शेताच्या बांधाला दोन चादरी धरून आडोसा केला, तिघी-तिघी मिळून जायचं, बॅटरी सोबत. एकाने "अपघात झालाय" म्हणून व्हिडिओ टाकलाच होता. मग मालकांनी सगळ्यांच्या घरी जाईल असा एकच निरोप ग्रुपवर लिहिला, वेळ आणि जागेसकट, आणि दर अर्ध्या तासाला पुढचा. एका टेम्पोवाल्याने दहा-बारा जणांना मोहोळपर्यंत न्यायची तयारी दाखवली. मालक नाही म्हणाले. मालाच्या गाडीत माणसं घालायची नाहीत आणि गट फोडायचा नाही. सोलापुरातून दुसरी बस ११ वाजून ५० मिनिटांनी आली. चढताना पुन्हा नावं घेतली.

आता दुसरं पान, जे बहुतेकांनी लिहिलंच नसतं. भिगवणला चहा झाल्यावर गाडी सुरू केली तेव्हा हवा भरायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला होता. ड्रायव्हरने ते बघितलं होतं, मालकांना सांगितलंही होतं. "जेवणाला उशीर होतोय, चला" असं मालकच म्हणाले. तसं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय. मागच्या चाकाकडे जाणारा हवेचा पाइप पत्र्याला घासून घासून चिरला होता. तपासायला काय लागतं? इंजिन बंद करायचं, सगळे गप्प बसायचं, काटा बघायचा. चांगल्या गाडीचा काटा दहा मिनिटांत नजरेत भरण्याइतका हलत नाही. हलला, किंवा खालून सूं असा आवाज आला, तर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे जिथे येतील तिथे गळती. चहाच्या थांब्यावर एवढा वेळ असतो.

मेकॅनिक आला तेव्हा एकाने सुचवलं होतं की मागच्या ब्रेकचा बोल्ट फिरवून स्प्रिंग मोकळी करू, गाडी हळूहळू नेऊ. बोल्टने चाक सुटतं हे खरं, पण मग मागचा ब्रेकच राहत नाही. क्रेनने ओढून न्यायला तो उपाय, तोही चाकांना ओट लावून. प्रवासी घेऊन चालवायला नाही. मालकांनी बस रात्री तिथेच ठेवली, सकाळी पाइप बदलूनच हलवली.

दुसऱ्या बसचं भाडं कुणी द्यायचं यावर बसमालक आणि ट्रिपचालक यांच्यात अजून वाद चालू आहे. प्रवाशांकडून एक रुपया घेतलेला नाही, हे मी तिघा प्रवाशांना फोन करून विचारलं. अक्कलकोटचं दर्शन अर्ध्या दिवसाने पुढे गेलं आणि गाणगापूर गाळावं लागलं. त्याचे पैसे परत मागणारे पाच जण आहेत, आणि त्यांचं चूक आहे असं मला वाटत नाही.

पुढची फेरी येत्या गुरुवारी आहे. नोंदणीच्या कागदावर या वेळी एक नवा रकाना आहे: जेवणाआधी कुठली गोळी घेता, आणि किती वाजता.