रोजच्या सरासरीचा न्याय

मुंबईतील एका दलाली पेढीत वित्तसंस्थांच्या मोठ्या खरेदीचे सौदे पार पाडण्याचे काम माझ्याकडे होते, आणि साडेतीनला बाजार बंद झाला की ग्राहकाचा पहिला सवाल ठरलेला असे: आजची खरेदी व्हीवॅपच्या वर पडली की खाली? दिवसभरातील प्रत्येक सौद्याचा भाव त्यातील शेअरसंख्येने गुणून, त्या साऱ्या गुणाकारांच्या बेरजेला एकूण शेअरसंख्येने भागले असता जी भारित सरासरी हाती येते, तीच व्हीवॅप.

हे माप रोज सकाळी नव्याने का सुरू होते, याचे उत्तर मला एका कंपनीच्या शेअरने दिले. हिशेबाच्या सोयीसाठी आकडे तेवढे गोल करून सांगतो. त्या दिवशी १,००,००० शेअर ५०० रुपयांना आणि ५०,००० शेअर ५०६ रुपयांना विकले गेले. दोन भावांचे साधे मध्य ५०३ येत असले, तरी अधिक उलाढाल खालच्या भावाला झाल्यामुळे व्हीवॅप ५०२ ठरली. रात्री कंपनीचे तिमाही निकाल अपेक्षेहून सरस लागले, आणि दुसऱ्या दिवशी सव्वानऊला बाजार उघडला तो थेट ५४०च्या आसपास. पहिल्या तासात ५०,००० शेअरांची उलाढाल सरासरी ५४०ने झाली, आणि त्यात आमची खरेदी ५३८ने बसली. आदल्या दिवसाचा हिशेब पुढे ओढला असता, तर सरासरी ५११.५० आली असती आणि आम्ही शेअरमागे साडेसव्वीस रुपये उधळले असा निवाडा झाला असता; वास्तविक त्या सकाळी ५११.५०ला एकही विक्रेता उभा नव्हता. त्या दिवसाच्या मापाने आमची खरेदी दोन रुपयांनी स्वस्त होती. रोकडवहीत कालची शिल्लक आज आरंभी मांडतात, कारण ती रक्कम तिजोरीत खरोखरच असते. कालचा भाव मात्र आज कोणालाही उपलब्ध नसतो.

शिवाय, छेद जितका वाढत जातो, तितका नव्या सौद्याचा प्रभाव घटतो. सकाळी चपळपणे हलणारी व्हीवॅपची रेषा दुपारी तीनच्या सुमारास जड होते, हे मी पडद्यावर नित्य पाहत असे. अनेक दिवसांची उलाढाल तिच्यावर लादली, तर ती बाजाराची खबर देण्यास सर्वथा असमर्थ ठरेल.

या मापाची एक मर्यादा मात्र विसरता येत नाही. दिवसाच्या उलाढालीत आपलाच वाटा निम्म्याहून अधिक असेल, तर सरासरी आपल्याच सौद्यांनी घडते, आणि चढ्या भावाने खरेदी करूनही व्हीवॅपशी अंतर अल्पच दिसते. म्हणून अहवालात मी आमच्या वाट्याची टक्केवारी शेजारीच नमूद करीत असे. खरेदी तीन-चार दिवस चालली, तर प्रत्येक दिवसाची व्हीवॅप त्या दिवशी आम्ही घेतलेल्या शेअरसंख्येने भारित करून मगच एकत्रित तुलना मांडत असे, कारण ज्या दिवशी आम्ही अधिक घेतले, त्या दिवसाच्या बाजाराशीच आमच्या कामाची अधिक तुलना होणे न्याय्य होते.